निकाल चुकीचा नोंदला गेला तर अर्ज कसा करायचा : चौथ्या फेरीच्या वादावर क्लब सचिवांचे पत्र

नागपूर

सप्रेम नमस्कार,

क्लबच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेतल्या चौथ्या फेरीच्या निकालाबद्दल तुमचा अर्ज मिळाला. त्यावरचा निर्णय या पत्रात कळवतो आहे. हाच प्रश्न वर्धा आणि भंडाऱ्याहून येणारे खेळाडूही दरवर्षी विचारतात. म्हणून तुमच्या संमतीने, दोन्ही खेळाडूंची नावं गाळून, हे पत्र क्लबच्या सूचना फलकावर लावणार आहे. त्यामुळे तुम्हाला आधीच माहीत असलेल्या काही गोष्टीही यात सविस्तर येतील.

आधी निर्णय. चौथ्या फेरीतला तो डाव तुम्ही जिंकला होतात, हे मान्य. रेटिंगसाठी जाणाऱ्या अहवालात तुमचा विजय नोंदला जाईल. स्पर्धेचा अंतिम गुणतक्ता मात्र बदलणार नाही. तुमचे साडेचार गुण साडेचारच राहतील आणि बक्षिसांची यादीही तीच राहील.

हे दोन निर्णय एकमेकांच्या विरोधात वाटतील. डाव मी जिंकला हे कबूल आहे, तर गुण का देत नाही, असं तुम्ही फोनवर विचारलंत. प्रश्न रास्त आहे.

चूक कशी झाली ते पाहू. पेअरिंगच्या यादीत तुमच्या प्रतिस्पर्ध्याला पांढरी मोहरी होती आणि तुम्हाला काळी. तुम्ही दोघं उलटे बसलात. दहा चाली होण्याआधी हे कुणाच्या लक्षात आलं असतं तर आर्बिटरनी तो डाव थांबवून योग्य रंगांनी नवा डाव सुरू केला असता. दोघांच्या दहा चाली झाल्यावर डाव तसाच पुढे चालू ठेवायचा, असा नियम आहे. तुमचा डाव तसाच चालला, तुम्ही पांढऱ्याने जिंकलात आणि निकालाच्या चिठ्ठीवर ‘१-०’ लिहिलंत. पण चिठ्ठीवर नावं आधीच छापलेली होती आणि पांढऱ्याच्या जागी नाव प्रतिस्पर्ध्याचं होतं. संगणकावर बसलेल्या माणसाने चिठ्ठीत होतं तेच भरलं आणि तुमचा गुण त्यांच्या खात्यात गेला. चिठ्ठीवर दोघांच्याही सह्या आहेत. ‘१-०’ म्हणजे पांढरा जिंकला, एवढंच तुम्ही दोघांनी पाहिलंत. यात लबाडी कुणाचीच नाही.

अशी चूक दुरुस्त करण्यासाठी माहितीपत्रकात तीन टप्पे दिले आहेत. ते फिडेच्या स्विस स्पर्धांच्या नियमांवरूनच घेतलेले आहेत. फेरीचा निकाल लागल्यावर ठरलेल्या मुदतीत (आपल्याकडे ती पंधरा मिनिटांची आहे) आर्बिटरना सांगितलं, तर गुणतक्ता दुरुस्त होतो आणि पुढच्या फेरीच्या जोड्या दुरुस्त गुणांवर लागतात. पुढच्या फेरीच्या जोड्या लागून गेल्यावर, पण ती फेरी संपायच्या आत सांगितलं, तर त्या जोड्या तशाच राहतात आणि दुरुस्ती त्यानंतरच्या जोड्यांपासून धरली जाते. ती पुढची फेरीही संपली असेल, तर दुरुस्ती फक्त स्पर्धेनंतरच्या रेटिंग अहवालात होते.

चौथ्या फेरीचा निकाल शनिवारी रात्री लागला. पाचवी फेरी रविवारी सकाळी झाली. तुमचा लेखी अर्ज सहावी फेरी सुरू असताना आर्बिटरच्या टेबलावर आला आणि रजिस्टरमध्ये ती वेळ नोंदलेली आहे. म्हणजे तुम्ही तिसऱ्या टप्प्यात आलात. शनिवारी रात्री चहापाण्याचं बघणाऱ्या मुलाला ‘माझा पॉइंट बघ जरा’ म्हणून सांगितलं होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. मी त्याला विचारलं. तुम्ही काहीतरी बोललात एवढंच त्याला आठवतं. त्याचा दोष नाही आणि तुम्ही खोटं बोलता असंही मी म्हणत नाही. पण हरकत आर्बिटरकडे पोहोचली नाही, तर ती घेतली असं धरता येत नाही. उद्या कुणीही असं म्हणू शकेल.

आता उशीर झाला म्हणून गुण का नाही. स्विस पद्धतीत साधारण सारखे गुण असलेल्यांची एकमेकांशी गाठ पडते. तीन फेऱ्यांनंतर तुमचे दोन गुण होते आणि प्रतिस्पर्ध्याचेही दोन. चौथ्यानंतर तुमचे खरे तीन व्हायला हवे होते, तक्त्यात दोनच राहिले. त्यामुळे पाचव्या फेरीत तुम्ही दोन गुणवाल्यांमध्ये खेळलात आणि जिंकलात. सहावीत बरोबरी, सातवीत विजय. तक्त्यात साडेचार गुण झाले. त्यात एक मिळवून साडेपाच करा, असं तुमचं म्हणणं आहे. पण शेवटचे अडीच गुण तुम्ही ज्यांच्याविरुद्ध मिळवलेत, ते तुमच्या खऱ्या गुणांपेक्षा खालच्या गटातले होते. ज्यांनी खरोखर साडेपाच गुण केले, ते त्याच तीन फेऱ्यांत वरच्या पटांवर झुंजत होते. तुमच्या तीन फेऱ्या त्या पटांवर झाल्या असत्या तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित साडेपाचच झाले असते.

आणि तुमचे प्रतिस्पर्धी? त्यांना फुकटचा एक गुण मिळाला आणि त्यापायी पाचव्या फेरीत त्यांना वरच्या गटातल्या खेळाडूशी खेळावं लागलं. तो डाव ते हरले. आता त्यांचा गुण काढून घेतला, तर ती हारसुद्धा कुणीतरी भरून द्यायला हवी. बुखोल्झ टायब्रेक तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या बेरजेवर चालतो. म्हणजे एक गुण हलवला की तुम्ही दोघं ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांचे टायब्रेक हलतात. सातव्या फेरीनंतर हे सगळं उलटं फिरवायचं म्हणजे लागलेल्या सगळ्या जोड्याच चुकीच्या ठरवण्यासारखं आहे.

रेटिंगचं तसं नाही. तिथे तो डाव कुणी जिंकला आणि समोरच्याचं रेटिंग किती होतं, एवढंच पाहतात. तुमचा के-गुणांक २० आहे. दोघांचं रेटिंग सारखं धरलं, तर त्या डावात हरल्यावर तुमचे दहा गुण गेले असते आणि जिंकल्यावर दहा मिळतात. एकूण वीस गुणांचा फरक. बक्षिसाच्या पाकिटापेक्षा मला तरी हे मोठं वाटतं, पण ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेही त्या डावाचा निकाल उलटा होईल, म्हणून त्यांनाही लेखी कळवलं आहे. रंगही दुरुस्त होतील. अहवालात त्या डावात तुम्ही पांढरे आणि ते काळे असं जाईल.

पुढच्या स्पर्धेसाठी अर्जाची रीत सांगतो. हरकत घेण्याचा अधिकार त्या डावातल्या दोन खेळाडूंपैकी कुणालाही आहे. खेळाडू अठरा वर्षांखालचा असेल तर पालक त्याच्यासोबत सही करतात. प्रशिक्षक, मित्र किंवा प्रेक्षक यांचा अर्ज आपण घेत नाही. मागच्या रांगेत बसून तक्ता वाचणाऱ्या काकांचाही नाही, त्यांचं म्हणणं अनेकदा बरोबर असलं तरी. हरकतीला फी नाही. कोरा कागद चालतो. मजकूर एवढा पुरे :

‘चौथी फेरी, पट क्रमांक अमुक. माझा निकाल तक्त्यात पराभव असा आहे. मी हा डाव जिंकलो आहे. डावात मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलो, यादीत मला काळी मोहरी दिली होती. स्कोअरशीट सोबत जोडली आहे.’

खाली नाव, फिडे आयडी, सही आणि वेळ. वेळ स्वतः लिहाच, शिवाय आर्बिटरकडून रजिस्टरमध्येही नोंदवून घ्या. मुदतीचा सगळा हिशेब त्या वेळेवरच होतो.

सोबत द्यायचा मुख्य कागद म्हणजे स्कोअरशीट. आपल्या स्पर्धेत दर चालीला तीस सेकंदांची वाढ असते, त्यामुळे घड्याळात वेळ कमी उरला म्हणून चाली लिहिणं थांबवता येत नाही आणि शेवटपर्यंतचा डाव कागदावर सापडतो. मूळ प्रत आयोजकांची असते, कार्बन प्रत तुमच्याकडे राहते. ती घरी नेऊन जपा, निदान बक्षीस समारंभ होईपर्यंत तरी. तुमच्या बाबतीत निर्णय याच कागदावर झाला. दोघांच्याही शीटवर पांढऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव आहे आणि शेवटच्या चालीनंतर काळ्याने डाव सोडल्याची खूण आहे. चिठ्ठीवरच्या सह्यांपेक्षा आर्बिटरनी हा पुरावा जास्त मानला आणि तसा अधिकार त्यांना नियमानेच आहे. सही केलेला निकाल चुकीचा असला तरी कायम राहतो, आर्बिटरनी वेगळं ठरवलं नाही तर. जलद प्रकारच्या स्पर्धांत चाली लिहिण्याची सक्ती नसते. तिथे असा पुरावा उरत नाही, म्हणून चिठ्ठी देण्याआधी ती नीट वाचणं हाच उपाय. शक्य असेल तर पेअरिंगच्या यादीचा आणि भरलेल्या चिठ्ठीचा फोटोही जोडावा.

आर्बिटरचा निर्णय पटला नाही, तर स्पर्धा सुरू असताना अपील समितीकडे जाता येतं. स्कोअरशीटवर सही केली म्हणून हा हक्क जात नाही. आपल्या माहितीपत्रकाप्रमाणे निर्णयानंतर अर्ध्या तासात लेखी अपील आणि पाचशे रुपये अनामत द्यावी लागते. अपील मान्य झालं की अनामत परत मिळते. समितीत त्या डावातल्या खेळाडूंचे नातेवाईक किंवा प्रशिक्षक बसत नाहीत. बक्षीस समारंभ झाला की समिती विसर्जित होते, त्यामुळे तुमच्यासाठी ती वाट आता बंद आहे. धर्मादाय कार्यालयात तक्रार करीन, असं तुम्ही अर्जाच्या शेवटी लिहिलं आहे. ते कार्यालय संस्थेची नोंदणी, विश्वस्तांचे बदल आणि हिशेब बघतं. पट क्रमांक नऊवर कोण जिंकलं हे तिथे ठरत नाही.

कार्यकारिणीकडे मात्र तुम्हाला अर्ज करता येईल आणि तो करावा असं मी सुचवतो. नावं आधी छापलेल्या चिठ्ठ्यांमुळे ही चूक झाली. चिठ्ठीवर ‘विजेत्याचं नाव’ असा वेगळा रकाना ठेवला, तर रंग उलटे झाले तरी गुण योग्य माणसाकडे जाईल. ही मागणी सभासदाकडून लेखी आली की बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी लागते.

रेटिंगचा अहवाल राष्ट्रीय महासंघामार्फत जातो आणि नवी यादी महिन्याच्या एक तारखेला लागते. अहवाल एकदा गेला की दुरुस्तीलाही त्याच वाटेने जावं लागतं. खेळाडूने फिडेला थेट मेल पाठवून ती होत नाही. म्हणून अहवाल पाठवण्याआधी दुरुस्त पान तुम्ही दोघांनी पाहून सही करावी. येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ मी क्लबमध्ये आहे. येताना तुमची कार्बन प्रत घेऊन या. मूळ शीटवरची एकविसावी चाल पुसट झाली आहे, ती तुमच्या प्रतीशी ताडून पाहायची आहे.

आपला,
सचिव