‘शक्यता आहे’ आणि ‘एवढ्यापुरतं’: तज्ज्ञाची लाल रेघ नेमकी कशासाठी असते?

विज्ञानाच्या व्हिडिओची संहिता तज्ज्ञाकडून परत येते. एका वाक्याखाली लाल रेघ आणि बाजूला शेरा असतो, ‘इतकं सरसकट म्हणता येणार नाही.’ लेखक वाक्यात एक ‘कदाचित’ टाकतो, ‘होतं’चं ‘होऊ शकतं’ करतो आणि संहिता पुन्हा पाठवतो. दुसऱ्या फेरीत त्याच वाक्याखाली तीच रेघ येते. लेखकाला वाटतं, तज्ज्ञ अडून बसलेत. तज्ज्ञाला वाटतं, आपला शेरा नीट वाचलाच नाही. संहिता सुधारून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि वाक्य अडकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच सापडतं. दोन वेगळ्या दुरुस्त्या आपण एक समजतो.

पहिली दुरुस्ती शंकेच्या शब्दाची: कदाचित, बहुधा, असा अंदाज आहे, संकेत मिळाले आहेत. ही गोष्ट खरी आहे की नाही हे अजून पक्कं ठरलेलं नाही, असं हे शब्द सांगतात. दुसरी मर्यादेच्या शब्दाची: कोणामध्ये, किती, किती काळ, कशाच्या तुलनेत. गोष्ट पक्की आहे, पण एवढ्यापुरतीच, असं हे शब्द सांगतात. दोन्हींमुळे वाक्य मवाळ होतं, म्हणून ती सारखी वाटतात. पण मर्यादा हवी तिथे शंका घातली, तर वाक्य आधीपेक्षा जास्त चुकतं.

एक उदाहरण घेऊ. संहितेत वाक्य होतं:

‘लेकॅनेमॅब हे नवं औषध अल्झायमर 27 टक्क्यांनी कमी करतं.’

शेरा आला आणि लेखकाने ते असं केलं:

‘लेकॅनेमॅब हे नवं औषध अल्झायमर 27 टक्क्यांपर्यंत कमी करू शकतं.’

आता मूळ चाचणीत काय झालं ते बघू. सुमारे 1,800 जण सहभागी होते आणि सगळे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले. अर्ध्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध दिलं. उरलेल्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रावण दिलं. हे 18 महिने चाललं. स्मरणशक्ती, दिशेचं आणि वेळेचं भान, घरातले व्यवहार, स्वतःची काळजी अशा सहा बाबी तपासून प्रत्येकाला 0 ते 18 मध्ये गुण दिले. गुण जितके जास्त, तितकी अवस्था वाईट. औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी 1.66 ने वाढले, औषध मिळालेल्यांचे 1.21 ने. फरक 0.45 चा. हे 0.45 म्हणजे 1.66 चे 27 टक्के, आणि संहितेतला आकडा इथूनच आला.

आता लेखकाने केलेली दुरुस्ती पुन्हा वाचा. ‘करू शकतं’ने शंका आणली, पण या 0.45 बद्दल शंका नव्हतीच. फरक योगायोगाने दिसला असण्याची शक्यता फार कमी होती आणि चाचणीही नीट आखलेली होती. म्हणजे शंका भलत्या जागी बसली. ‘27 टक्क्यांपर्यंत’मधल्या ‘पर्यंत’ने सरासरीची कमाल मर्यादा करून टाकली, ही आणखी एक चूक. आणि मूळ चूक जागच्या जागी राहिली. ‘अल्झायमर कमी करतं’ याचा ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ असा, की आजार मागे हटतो, विसरलेलं परत आठवू लागतं. प्रत्यक्षात दोन्ही गटांची अवस्था खालावली. औषध मिळालेल्यांची जरा हळू खालावली, एवढंच.

मराठीत इथे आणखी एक पेच आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपलं ‘शकणे’ दोन कामं करतं. ‘आज पाऊस पडू शकतो’ यात ते शक्यता दाखवतं. ‘ती एका दमात दहा किलोमीटर धावू शकते’ यात ते क्षमता दाखवतं. कर्ता औषध, यंत्र किंवा तंत्र असला, की कान क्षमतेकडेच वळतो. ‘हे औषध आजार कमी करू शकतं’ हे वाक्य निवेदकाने उत्साहाने वाचलं, की त्यात शंका उरत नाही, शाबासकी ऐकू येते. लेखकाने सावधपणा म्हणून घातलेला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत जाहिरात होऊन पोचतो. म्हणून औषधांच्या आणि उपकरणांच्या संहितेत मी ‘शकतं’ शोधून शोधून काढतो. शंका खरीच सांगायची असेल, तर तिला स्वतंत्र वाक्य देतो.

तज्ज्ञांनी मान्य केलेलं निवेदन शेवटी असं झालं:

‘अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना हे औषध दीड वर्ष दिलं. त्यांची अवस्था खालावत गेली, पण औषध न मिळालेल्यांपेक्षा थोडी हळू. हा फरक रुग्णाला आणि घरच्यांना रोजच्या जगण्यात किती जाणवेल, याबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही.’

पहिल्या दोन वाक्यांत एकही शंकेचा शब्द नाही. ती ठाम आहेत, फक्त कुंपण घातलेली आहेत: सुरुवातीचा टप्पा, दीड वर्ष, औषध न मिळालेल्यांपेक्षा. शंका तिसऱ्या वाक्यात आली, कारण वाद खरोखर तिथेच आहे. अठरापैकी अर्ध्या गुणाहूनही कमी फरक माणसाला जाणवतो का, यावर जाणकारांची मतं वेगळी आहेत. शंकेला तिची जागा मिळाली, की बाकीची वाक्यं निर्धास्तपणे ठाम राहतात.

27 चा आकडा मी काढून टाकला. निर्मात्याला तो हवा होता, कारण तो लक्षात राहतो. पण 27 टक्के कशाचे, हे न सांगता तो आकडा ठेवता येत नाही. आणि ते सांगायचं तर 1.66, 1.21 आणि अठरा गुणांचं माप, सगळंच सांगावं लागतं. लेखात ते जमतं. व्हिडिओत ऐकणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचत नाही. तिथे ‘थोडी हळू’ हे शब्द एकट्या 27 पेक्षा खरे आहेत.

एक गोष्ट मात्र वेळ वाचवायला गाळता येत नव्हती. औषध मिळालेल्यांपैकी साधारण आठात एकाच्या मेंदूच्या तपासणीत सूज दिसली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, तरी फायदा सांगून हे न सांगणं तज्ज्ञांनी चालू दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. बाकी बरंच गाळलं: औषध मेंदूतल्या कोणत्या प्रथिनाला धरतं, मात्रा किती, सहा बाबी कोणत्या. गाळताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. गाळलेलं पुढे कधी कळलं, तर ऐकणाऱ्याला ‘अच्छा, असंही आहे’ वाटेल, की ‘मग मला तेव्हा चुकीचं सांगितलं’ वाटेल? प्रथिनाचं नाव पहिल्या प्रकारात बसतं, मेंदूची सूज दुसऱ्या.

याच्या उलट चूकही होते. 2020 मध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फीन वायूच्या खुणा दिसल्याचं एका संशोधक गटाने जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू काही सूक्ष्मजीवांशी जोडला जातो, म्हणून बातमी गाजली. त्यावर लिहिलेलं एक वाक्य असं होतं: ‘2020 मध्ये शुक्राच्या ढगांत अब्जात 20 भाग इतका फॉस्फीन सापडला.’ वर्ष, जागा, प्रमाण, मर्यादा सगळ्या दिलेल्या. तरीही तज्ज्ञाने वाक्य अडवलं, कारण इथे ‘सापडला’ हेच पक्कं नव्हतं. इतर गटांनी ती खूण दुसऱ्या वायूची किंवा मोजणीतल्या गोंधळाची असेल असं म्हटलं, आणि मूळ गटानेही नंतर आपला आकडा बराच खाली आणला. इथे काटेकोर आकड्यानेच घात केला, कारण आकडा ऐकला की गोष्ट सिद्ध झाल्यासारखी वाटते. हवा होता शंकेचा शब्द, आणि तोही क्रियापदातच: ‘फॉस्फीन असल्याच्या खुणा एका गटाने नोंदवल्या. त्या खऱ्या आहेत का, यावर अजून वाद चालू आहे.’

आणि काही वाक्यांना दोन्ही उपाय लागू पडत नाहीत. ‘अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून माणसं तरंगतात.’ यावर शेरा आला, की लेखक ‘जवळपास नसतं’ करतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर फिरतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं. म्हणजे ‘जवळपास’ घालूनही वाक्य खोटंच. चूक ‘म्हणून’मध्ये आहे, कारणच वेगळं आहे. वाक्य नव्याने लिहावं लागतं: ‘स्थानक आणि त्यातली माणसं एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात. पण पुढे जाण्याचा वेग इतका असतो, की पृथ्वीची गोलाई खालून वळत जाते आणि ती जमिनीवर कधी पोचतच नाहीत.’ शब्द वाढले, पण शाळेतल्या मुलालाही हे समजतं.

मग शेरा कोणत्या प्रकारचा आहे, हे कसं ओळखायचं? अंदाज बांधण्यापेक्षा तज्ज्ञालाच विचारावं, पण प्रश्न नीट हवा. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारलं, की तज्ज्ञ स्वतःच्या शोधनिबंधात लिहील तसं वाक्य सुचवतो आणि ते निवेदकाच्या तोंडी बसत नाही. मी अडकलेलं प्रत्येक वाक्य वेगळं काढतो, त्याखाली मूळ संशोधनातलं ज्यावर ते बेतलंय ते वाक्य ठेवतो आणि दोनच प्रश्न लिहितो. हे घडतं याबद्दल शंका आहे का? की घडतं हे नक्की, पण मी म्हणतोय तितक्या सगळ्यांत किंवा तितक्या प्रमाणात नाही? पहिल्याला ‘हो’ आलं, तर शंकेचा शब्द. दुसऱ्याला ‘हो’ आलं, तर मर्यादेचा. दोन्हींना ‘नाही’ आलं आणि रेघ तरीही आहे, तर बहुतेक वेळा ‘म्हणून’ किंवा ‘मुळे’ चुकलेलं असतं.

तज्ज्ञाकडे निवेदनाबरोबर चित्रांचा रकानाही पाठवायचा. लेकॅनेमॅबच्या संहितेत निवेदन मंजूर झालं होतं, पण त्यावरचं चित्र जुनंच होतं: खिडकीत एकटी बसलेली आजी नातवाकडे वळते, त्याला ओळखते आणि हसते. निवेदन म्हणत होतं, ‘थोडी हळू’. चित्र म्हणत होतं, ‘परत आली’. तिथे आम्ही उताराच्या दोन वाटा दाखवल्या, एक जरा जास्त उतरती, एक जरा कमी. दोन्ही खालीच जाणाऱ्या. त्या चित्रासकट संहिता गेली, तेव्हा रेघ आली नाही.