येणी फुगली, पण कशाने? वाढलेला धंदा आणि मार्चमध्ये ढकललेला माल

ठाणे-बेलापूर रोडवर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ट्रकांची जी रांग लागते, तिच्यात दोन प्रकारचा माल असतो. एक माल गिऱ्हाइकाने मागवलेला असतो. दुसरा कंपनीला विक्रीचा आकडा गाठायचा असतो म्हणून डीलरच्या गळ्यात मारलेला असतो. ट्रक बघून फरक कळत नाही, आणि गंमत म्हणजे वार्षिक ताळेबंद बघूनही बहुतेक वेळा कळत नाही.

दोन काल्पनिक कंपन्या घेऊ. पहिली रबाळ्यात औद्योगिक पंप बनवते, दुसरी महापेला बांधकामाची रसायनं बनवून डीलरमार्फत विकते. दोघींचे आकडे मुद्दाम सारखे ठेवतो. विक्री 100 कोटींवरून 130 कोटी झाली, निव्वळ नफा 10 वरून 13 कोटी. येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडे अडकलेले पैसे, 20 वरून 38 कोटी.

आता नफ्यापासून रोख प्रवाहाकडे जाऊ. 13 कोटी नफा, त्यात घसारा 4 कोटी मिळवा, कारण तो खर्च कागदावरचा. येणी 18 कोटींनी वाढली, ती वजा. आपण पुरवठादारांचे 3 कोटी जास्त थकवले, ते मिळवा. हातात राहिले 2 कोटी. म्हणजे 13 कोटींच्या नफ्यातले 11 कोटी अजून फक्त वहीत आहेत. या कागदी भागालाच अक्रुअल म्हणतात, आणि तो जितका मोठा तितका नफा टिकण्याबद्दल शंका जास्त.

येणीचे दिवस, म्हणजे किती दिवसांच्या विक्रीचे पैसे अडकलेत ते काढलं, तर दोन्हीकडे 73 वरून 107. विक्रीच्या तुलनेत येणीचं प्रमाण आधीच्या वर्षाच्या 1.46 पट झालं. प्राध्यापक बेनिश यांच्या 1999 च्या अभ्यासात नफा फुगवणाऱ्या कंपन्यांची या निर्देशांकाची सरासरी 1.465 होती आणि इतरांची 1.031. त्यामुळे चाळणी लावणारा माणूस दोघींनाही लाल शेरा मारेल. इथपर्यंत त्याचं काही चुकलेलं नाही. चाळणीचं काम संशय घेण्याचं आहे, निकाल देण्याचं नाही.

मुरलेले लोक पुढे एक दुरुस्ती करतात. येणी 31 मार्चची असते, विक्री मात्र बारा महिन्यांची. शेवटच्या तिमाहीत विक्री उसळली असेल तर 107 दिवस हा आकडा फसवा ठरतो. म्हणून येणीला फक्त शेवटच्या तिमाहीच्या विक्रीने भागायचं. दोघींची जानेवारी ते मार्चची विक्री 48 कोटी, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत 26. हिशेब केला की 69 दिवसांचे 71 झाले, म्हणजे जवळपास काहीच बदललं नाही. (येणीत जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो, त्यामुळे खरे दिवस याहून कमीच. पण त्याच कंपनीची स्वतःशी तुलना करताना हा फरक आडवा येत नाही.)

माझ्या मते सगळ्यात जास्त गफलत इथे होते. 71 दिवस बघून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दोघींनाही क्लीन चिट देतात. पण मार्चमध्ये माल ढकलला तरी शेवटची तिमाही अशीच फुगते. भाजक आणि भाज्य दोन्ही एकदम फुगल्यावर भागाकार शहाण्यासारखाच दिसणार.

खरा निवाडा सप्टेंबरमध्ये होतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सप्टेंबरच्या निकालाबरोबर ताळेबंद आणि रोख प्रवाहाचं पत्रक द्यावं लागतं, जून आणि डिसेंबरच्या निकालात ते सक्तीचं नसतं. पंपवालीची एप्रिल ते सप्टेंबरची विक्री 88 कोटी झाली, आदल्या वर्षी याच काळात ती 54 होती. येणी 34 कोटींवर आली. दुसऱ्या तिमाहीच्या 44 कोटी विक्रीवर हिशेब केला तर पुन्हा 71 दिवस. मार्चचे पैसे आले, नवी उधारी नव्या विक्रीची. म्हणजे मार्चमधली उसळी खरी होती, कारखान्यात नवी उत्पादन लाइन खरोखर चालू झाली होती.

रसायनवालीची सहामाही विक्री मात्र 52 कोटी, म्हणजे आदल्या वर्षीच्या 54 पेक्षाही कमी. एप्रिल ते जूनमध्ये तर फक्त 22. साहजिकच आहे, डीलरकडे माल आधीच भरलेला, तो नवीन कशाला उचलेल? येणी 36 कोटी, दुसऱ्या तिमाहीची विक्री 30, म्हणजे 110 दिवस. मार्चमध्ये उद्याची विक्री आजच दाखवली होती, ती आता वजा होऊन दिसतेय.

अशा वेळी भिवंडीतल्या एखाद्या डीलरच्या गोदामात चक्कर मारली तर कागदापेक्षा जास्त कळतं. ऑगस्टमध्ये पुढच्या रांगेतल्या बादल्यांवर फेब्रुवारी-मार्चचे बॅच नंबर असतील आणि डीलर म्हणत असेल, "घेऊन ठेवलाय हो, कंपनी म्हणाली पेमेंटची घाई नाही, नाही खपला तर क्रेडिट नोट देऊ", तर गोष्ट संपलीच. परतीची अशी तोंडी हमी असेल तर उत्पन्न कधी नोंदवायचं हे ठरवणाऱ्या इंड एएस 115 या लेखामानकाप्रमाणे परत येण्याची शक्यता असलेल्या मालाची विक्री उत्पन्नात धरताच येत नाही. ऑडिटरला अर्थात ती हमी कोणी दाखवत नाही. त्याला एप्रिल-मेमधल्या क्रेडिट नोटांची फाइल मागावी लागते.

वार्षिक अहवालात आणखी एक तक्ता असतो: येणी किती जुनी आहे याचा. 2021 पासून कंपनी कायद्याच्या शेड्यूल 3 मध्ये तो सक्तीचा झाला. सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, मग एक ते दोन वर्षं, असे रकाने. उपयोगी आहे, पण यातली मेख माहीत हवी. वय बिलाच्या तारखेपासून नाही, तर पैसे देय झाल्याच्या तारखेपासून मोजतात. डीलरला 60 ऐवजी 180 दिवसांची उधारी दिली की मार्चचं बिल 'अजून देय नाही' या रकान्यात निवांत बसतं. म्हणून मी थकलेल्या रकमेआधी हा 'देय नाही' रकाना बघतो, आणि तो विक्रीच्या मानाने अचानक फुगला असेल तर उधारीची मुदत वाढवली का हे कॉन्फरन्स कॉलमध्ये विचारायला लावतो.

रोख प्रवाह चांगला आहे एवढ्यावरही थांबू नये. बिलं बँकेला कायमची विकून टाकली की येणी कमी होते आणि आलेले पैसे धंद्याच्या रोखीत जमा दिसतात. गिऱ्हाइकाने न दिल्यास बँक कंपनीकडेच वसुली करणार असेल, तर ते कर्ज म्हणून दाखवावं लागतं. हा तपशील टिपांमध्ये असतो आणि तिथपर्यंत फार थोडे जातात.

आणि ही सगळी तपासणी एका गृहीतकावर उभी आहे, की बँकेतली शिल्लक तरी खरी आहे. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी जे पत्र दिलं, त्यात येणी 490 कोटींनीच फुगवल्याचं कबूल केलं होतं, पण रोख आणि बँक शिल्लक तब्बल 5,040 कोटींनी. येणी आणि रोख यांची तुलना करणारी चाळणी तिथे काही पकडणार नव्हती, कारण खोटा नफा खोट्या रोखीतच जाऊन बसला होता. त्याच पत्रात 376 कोटींचं जमा झालेलं पण अस्तित्वात नसलेलं व्याजही आहे. म्हणून बँकेत भरपूर पैसा दाखवणाऱ्या कंपनीचं प्रत्यक्ष हातात आलेलं व्याज रोख प्रवाहाच्या पत्रकातून काढून सरासरी शिल्लकीने भागावं. दर मुदत ठेवीच्या आसपास येत नसेल, तर येणीचे दिवस मोजण्याआधी ती शिल्लक कुठल्या बँकेत आणि कुठल्या स्वरूपात आहे ते शोधावं लागतं.