जादा गेट बसवण्याआधी हे वाचा: इंटरलॉक कार्डावरचा ग्लिच कुठून येतो

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या शॉपमधून आमच्याकडे परत येणाऱ्या कार्डांवर बऱ्याचदा आउटपुटजवळ नंतर डकवलेली एक आयसी आणि दोन जंपर असतात. सोबत निरोप असतो, ‘ग्लिच येत होता, गेट टाकून बंद केला, आता मशीन भलतंच वागतंय.’ ते गेट काढायचं, मूळ कार्ड तपासायचं आणि मग खरा दोष शोधायचा, असा दुप्पट वेळ जातो आणि तो बिलात उतरतो. म्हणून हे पत्रक. गेट, ट्रुथ टेबल आणि स्कोप तुम्हाला ठाऊक आहेत असं धरलं आहे.

उदाहरण आम्ही नेहमी देतो त्याच एसपीएम कार्डाचं घेऊ. A म्हणजे स्लाइड पुढे आहे. B म्हणजे स्टेशन एक तयार, C म्हणजे स्टेशन दोन तयार, D म्हणजे स्टेशन एकचा क्लँप उघडा. स्लाइड पुढे असेल तर स्टेशन एकला फीड द्यायचा, मागे असेल तर स्टेशन दोनला. स्लाइड पुढे आणि क्लँप उघडा, असं झालं तर फीड बंद, हाच इंटरलॉक. F हे फीडचं आउटपुट, आणि त्याच्याच चढत्या कडेवर जॉब काउंटर एकेक मोजतो.

```
F = (A·B + A'·C) · (A·D)'
```

असं कार्ड पुष्कळ जण स्वतः बनवतात. ते चालतंही. पण इनपुट बदलताना आउटपुटवर क्षणभर चुकीचं मूल्य येण्याची जी शक्यता असते, तिला हॅझार्ड म्हणतात, आणि या कार्डात एक-दोन नव्हे, तिन्ही जातीचे हॅझार्ड दडलेले आहेत.

स्टॅटिक की डायनॅमिक

स्कोपवर सुई दिसली की लगेच नाव देऊ नका. आधी ट्रुथ टेबलात बघा, की इनपुट बदलण्याआधी आणि बदलून सगळं शांत झाल्यावर F किती असायला हवा. दोन्हीकडे सारखाच असेल आणि मधे एक खड्डा किंवा सुई आली, तर तो स्टॅटिक. दोन्हीकडे वेगळा असेल, म्हणजे F एकदाच बदलायला हवा होता आणि तो तीनदा बदलला, तर तो डायनॅमिक. फरक एवढाच. सुईच्या आकारावरून तो ठरत नाही.

आता B, C, D तिन्ही १ ठेवा आणि स्लाइड मागे जाऊ द्या, म्हणजे A १ वरून ० होतो. F ० वरून १ व्हायला हवा, काउंटर एकने वाढायला हवा. A पासून F पर्यंत तीन रस्ते आहेत. AB चा रस्ता अँड, ऑर आणि शेवटचा अँड असा तीन गेटचा. A'C च्या रस्त्यात आधी इनव्हर्टर येतो, म्हणून चार. इंटरलॉकचा रस्ता नँड आणि शेवटचा अँड, फक्त दोन. ७४एचसी मालिकेत ५ व्होल्टवर एका गेटचे ढोबळ १० नॅनोसेकंद धरले, तर एकाच A ची बातमी F वर तीन वेगवेगळ्या वेळी पोचते:

```
A पडल्यापासून ns :  0   20   30   40
F                :  0    1    0    1
```

२० ला इंटरलॉक मोकळा होतो, तेव्हा AB ची जुनी १ अजून आत आहे, म्हणून F वर जातो. ३० ला AB गेल्याचं कळतं, F पडतो. ४० ला A'C येऊन पोचतो, F पुन्हा वर. काउंटरने दोन जॉब मोजले. हा डायनॅमिक हॅझार्ड. त्याला एकाच इनपुटपासून निदान तीन वेगळ्या लांबीचे रस्ते लागतात, म्हणून तो अनेक पातळ्यांच्या सर्किटात घर करतो.

आता फक्त D ० करा. इंटरलॉक कायम मोकळा, F आधीही १ आणि नंतरही १, पण ३० ते ४० मध्ये खड्डा. हा स्टॅटिक, १ चा. पुन्हा D १ करून C ० करा. F आधीही ० आणि नंतरही ०, पण २० ते ३० मध्ये सुई. हाही स्टॅटिक, ० चा. सर्किट तेच, पडणारी कडाही A चीच, तरी बाकीच्या इनपुटनुसार जात बदलली. ‘माझ्या कार्डात कुठला हॅझार्ड आहे’ असं फोनवर विचारलं की आम्ही उलट विचारतो, ‘कुठल्या स्थितीतून कुठल्या स्थितीत?’ ते त्यामुळेच.

कागदावर शोधायची रीत सोपी आहे. A चे तीन रस्ते तीन वेगळी इनपुट समजा, A1, A2, A3. B, C, D १ असताना F = (A1 + A2')·A3' उरतं. ही तिन्ही इनपुट निरनिराळ्या क्रमांनी १ वरून ० करून बघा. आधी A3, मग A1, मग A2 असा क्रम घेतला की F ०, १, ०, १ असा नाचतो. सगळे क्रम तपासून एकातही नाच आला नाही तरच त्या बदलापुरतं सर्किट निर्दोष म्हणायचं. नुसत्या स्कोपवर विसंबू नका. आज त्या बॅचच्या आयसींचा वेग जुळला म्हणून सुई दिसत नसेल, उद्या आयसी बदलली की दिसेल. A चढताना याच सर्किटात वरच्या वेळांप्रमाणे नाच येत नाही, त्यामुळे फक्त चढती कडा ट्रिगर करून बघणाऱ्याला कार्ड चांगलं वाटतं.

काउंटर दुप्पट चालला की फिटरचा पहिला संशय लिमिट स्विचच्या बाउन्सवर जातो. बाउन्स मिलिसेकंदांत असतो आणि तो A वरच दिसतो. A स्वच्छ असून F वर दहा-वीस नॅनोसेकंदांचा नाच असेल तर दोष कार्डाचा.

आमच्या कार्डावरचं ‘फालतू’ गेट

आमचं कार्ड उघडून ‘एक टर्म जास्त घातलीय, कार्नो मॅप केला असता तर गेट वाचलं असतं’ असं सांगणारे ग्राहक आहेत. मॅप आम्हीही करतो. वरचं समीकरण सोडवून दोन पातळ्यांत मांडलं की असं होतं:

```
F = A·B·D' + A'·C + B·C·D'
```

शेवटची टर्म ट्रुथ टेबलाला लागत नाही. ती आहे B, C १ आणि D ० असताना A बदलला तर F धरून ठेवायला. कुठल्याही टर्ममध्ये A आणि A' एकत्र नाहीत, आणि शेजारच्या १ च्या प्रत्येक जोडीला एक टर्म झाकते. अशा अँड-ऑर सर्किटात एका वेळी एकच इनपुट बदलत असेल तर स्टॅटिक आणि डायनॅमिक, दोन्ही उरत नाहीत. त्या एका गेटची किंमत कार्डाच्या किमतीत कुठे दिसणारही नाही. हेच लॉजिक गॅल आयसीत टाकणार असाल तर कंपायलरचं मिनिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर तो ही टर्म फालतू समजून काढून टाकतो.

जुन्याच कार्डात, AB आणि A'C च्या ऑरला BC ही टर्म जोडली तर? डायनॅमिक जातो, १ चा स्टॅटिकही जातो. C ० असतानाची सुई मात्र तशीच राहते. अर्धं काम झालं म्हणायचं.

जी चूक महागात पडते

आता मूळ दुखणं. जॉब संपतो, स्लाइड मागे जाते आणि क्लँप उघडतो, साधारण एकाच वेळी. B आणि C १ आहेत. म्हणजे A, D ही जोडी १, ० वरून ०, १ होते. F आधीही १, नंतरही १. मधे मात्र खड्डा दिसतो. ग्राहक वर सांगितलेलं सगळं वाचून आलेला असतो. तो म्हणतो, स्टॅटिक हॅझार्ड आहे, BC ची टर्म टाकू. आणि तो ती शेवटच्या आउटपुटवर ऑर करतो. खड्डा जातो. स्कोपवर सरळ रेघ येते.

पण दोन स्विच कधीच एका क्षणी बदलत नाहीत. आधी क्लँप उघडला तर जोडी १, १ वर येते, आणि तिथे ट्रुथ टेबलच सांगतं की F ० हवा, कारण स्लाइड पुढे आहे आणि क्लँप उघडा आहे. कार्डाने तेच केलं. हा फंक्शन हॅझार्ड. तो वायरच्या उशिरातून आलेला नाही, तुम्ही लिहिलेल्या फंक्शनमध्येच आहे. शून्य विलंबाचं आदर्श सर्किट आणलंत तरी खड्डा येईल.

गेट टाकून तो का जात नाही, हे मॅपवर बघा. १, ० आणि ०, १ या दोन्ही घरांना एकाच टर्मने झाकायचं तर त्या टर्ममध्ये A ही नको, D ही नको. म्हणजे उरते BC. पण BC मध्ये १, १ चं घरही येतं, जिथे ० हवा. त्या दोन घरांना झाकून मधलं वगळणारी टर्मच नाही. म्हणून गेट टाकून खड्डा गेला, तर तुम्ही ग्लिच काढला नाही, फंक्शन बदललं. BC आउटपुटवर जोडल्यावर क्लँप उघडा आणि स्लाइड पुढे असतानाही स्टेशन एकला फीड मिळतो. जो इंटरलॉक मागितला होता, तो गेला. असं कार्ड आम्ही दुरुस्त करताना ते गेट काढतोच, ग्राहकाने ‘राहू दे’ म्हटलं तरी.

ओळखायची खूण अशी. मशीनचा वेग कमी करा. खड्डा रुंदावला, तर तो दोन सेन्सरमधल्या अंतरातून आला आहे, फंक्शन हॅझार्ड. त्याची रुंदी बहुधा मिलिसेकंदांत असते, रिले आणि पीएलसीलाही तो दिसतो. मशीन हळू करूनही रुंदी दहा-वीस नॅनोसेकंदांवरच राहिली, तर लॉजिकचा हॅझार्ड, म्हणजे वरचा स्टॅटिक किंवा डायनॅमिक, आणि त्याला वरचं तीन टर्मचं सर्किट पुरतं.

फंक्शन हॅझार्डवर उपाय कार्डाबाहेरून येतो. क्लँपचा सोलेनॉइड A पडल्यावरच सुटेल असा क्रम लावला की जोडी १, ० वरून ०, ० आणि मग ०, १ अशी जाते आणि F हलत नाही. एका वेळी एकच इनपुट बदलतं, म्हणून आमचं तीन टर्मचं कार्डही निर्दोष चालतं. आउटपुटवर क्लॉकने चालणारा फ्लिप-फ्लॉप बसवा, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. नॅनोसेकंदांच्या सुयांवर तो चांगला, क्लॉकची कडा सगळं शांत झाल्यावर येत असेल तर. पण पाच मिलिसेकंदांच्या खड्ड्यात नेमकी कडा आली तर तो प्रामाणिकपणे ० च पकडेल. आरसी फिल्टरने खड्डा बुजतो, पण तेवढाच उशीर खऱ्या इंटरलॉकलाही लागतो. क्लँपच्या बाबतीत तो आम्ही देत नाही.

कार्ड दाखवायला आणाल तेव्हा सर्किटसोबत मशीनचा क्रमही लिहून आणा: कुठला स्विच कुठल्याआधी बदलतो, आणि कुठले दोन एकाच वेळी बदलू शकतात. तो कागद असला की तपासणी बहुतेक त्याच दिवशी होते. आमच्याकडून घेतलेल्या कार्डाची ही तपासणी मोफत आहे. दुसरीकडच्या कार्डाची फी आधी सांगतो, आणि नवीन कार्ड घेतलंत तर ती बिलातून वजा करतो. डकवलेलं गेट असेल तर ते कोणी, कुठे जोडलं तेवढं सांगा, शोधायला लावू नका.