घाटउतारावरील इंजिन ब्रेकिंग

लांब आणि तीव्र उतारावर वाहन खालच्या गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, इंजिनाच्याच विरोधाने वेग आवरण्याची पद्धत. पेट्रोल इंजिनात हवा आत सोडणारा थ्रॉटल बंद झाला की पिस्टनला हवा ओढून घेण्यासाठी जोर लावावा लागतो. हा जोर आणि इंजिनातले घर्षण मिळून चाकांना मागे खेचतात. गिअर जितका खालचा, तितकी ही ओढ चाकांपर्यंत जास्त पोचते.

याची गरज उष्णतेमुळे पडते. माणसांसह 1500 किलो वजनाची मोटार 8 टक्के उतारावरून ताशी 40 किमी वेगाने निघाली, तर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 13 किलोवॅट शक्तीने पुढे ढकलत असते. टायर आणि हवेचा विरोध त्यातले अडीच किलोवॅट शोषतो. उरलेले साडेदहा किलोवॅट कुणीतरी पचवायलाच हवेत. 10 किमीचा असा उतार पाव तास चालतो. तेवढा वेळ ब्रेक दाबून ठेवणे म्हणजे पाच मोठे गीझर चाकांपाशी चालू ठेवण्यासारखे आहे. इंजिनाकडे दिलेली उष्णता मात्र रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते.

ब्रेक तापल्याची खूण आधी नाकाला कळते: जळका, उग्र वास येतो. त्यानंतर पेडल घट्ट लागूनही गाडी थांबेनाशी झाली, तर पॅडची पकड गेली आहे. पेडल स्पंजासारखे होऊन खाली बसू लागले, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. जुन्या ऑइलने हवेतले पाणी शोषलेले असते, म्हणून ते लवकर उकळते.

गिअर उतार सुरू होण्याआधीच निवडावा. तोच चढ चढायला जो गिअर लागला असता, तो घ्यावा, ही जुनी शिकवण सुरुवातीला ठीक आहे. पण आजच्या ताकदवान गाड्या वरच्या गिअरमध्येही चढतात, त्यामुळे बरेचदा त्याहून एक गिअर खाली यावे लागते. गिअर बरोबर असेल, तर बहुतेक उतारावर वेग आपोआप स्थिर राहतो. तरीही वाढलाच, तर ब्रेक ठामपणे दाबून तो ठरवलेल्या वेगाच्या थोडा खाली आणावा आणि पाय पूर्ण काढावा. मधल्या वेळात ब्रेक थंड होतात.

उतारावरच गिअर उतरवायची वेळ आली, तर आधी ब्रेकने वेग कमी करावा आणि मग एकेक गिअर खाली यावे. चौथ्यातून थेट दुसऱ्यात टाकून क्लच सोडला, तर चाकेच इंजिनाला लाल रेषेपलीकडे, म्हणजे सुरक्षित फेऱ्यांच्या मर्यादेबाहेर, फिरवतात. इंधन तोडून फेऱ्या रोखणारी यंत्रणा तिथे काहीच करू शकत नाही. निसरड्या रस्त्यावर याच झटक्याने इंजिनाला जोडलेली चाके घसरतात.

डिझेल इंजिनात सहसा हवेचा मार्ग असा बंद होत नाही, म्हणून त्याची नैसर्गिक ओढ कमी असते. त्यामुळे अवजड वाहनांना धुराची वाट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक किंवा चाकांच्या ब्रेकविना वेग आवरणारा रिटार्डर बसवतात. अशा वाहनाचा चालक भरल्या गाडीने वेगात असताना न्यूट्रलमध्ये अडकला, तर गिअर पुन्हा पडेलच असे नाही.

इंधन वाचवायला न्यूट्रल करून उतरणे तर निव्वळ गैरसमजावर उभे आहे. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना इंधन बहुधा पूर्ण बंद असते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.