लायपोमा आणि सिबेशियस सिस्ट

त्वचेखाली हाताला लागणाऱ्या, मऊसर आणि न दुखणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच या दोन प्रकारांत मोडतात. लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, ही पूर्ण वाढ झालेल्या मेदपेशींची सौम्य गाठ असून ती त्वचेच्या खालच्या मेदथरात, बहुधा पातळ आवरणात, वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. खांदे, मान, पाठ, दंड आणि मांड्या या तिच्या नेहमीच्या जागा होत. वजन कमी केल्याने ती विरघळत नाही. सिबेशियस सिस्ट मात्र त्वचेतच तयार होणारी पिशवी आहे. केसाच्या मुळाच्या तोंडाशी असलेल्या त्वचेच्या पेशी आत दबल्या जातात, त्यांचे अस्तर बनते आणि त्या अस्तरातून झडणारे केराटिन आत साचत राहते. दाबल्यावर कधीकधी बाहेर येणारा पांढरट, दुर्गंधीयुक्त लगदा हे केराटिनच असते. तो तेलग्रंथींचा स्राव नसतो.

दोहोंमधला फरक ओळखताना गाठ किती मऊ आहे यापेक्षा ती कशाला चिकटली आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. लायपोमावरची त्वचा चिमटीत सहज उचलली जाते आणि कडेवर बोट टेकवून हलके दाबले की गाठ बोटाखालून निसटते. सिस्टवरची त्वचा निदान एका बिंदूपाशी तरी गाठीला जखडलेली असते. तेथे बहुधा बारीक काळपट छिद्र दिसते, आणि त्वचा उचलू लागल्यास त्या जागी खळी पडते. गाठ मात्र त्वचेबरोबरच सरकते. डोक्यावरच्या सिस्टला असे छिद्र सहसा नसते, त्यामुळे ते दिसले नाही एवढ्यावरून सिस्ट नाही असे म्हणता येत नाही.

समजा, पंचेचाळिशीतल्या एखाद्या व्यक्तीच्या पाठीवर दोन गाठी आहेत. मानेखालची सुमारे दीड सेंटिमीटरची असून तिच्यावर काळा ठिपका आहे. खांद्याजवळची तीन सेंटिमीटरची, मऊ आणि सरकणारी आहे. एके दिवशी मानेखालची गाठ लाल होऊन ठणकू लागते. सिस्टची भिंत फुटून केराटिन आजूबाजूच्या ऊतीत गेले की शरीर त्याला परकी वस्तू मानते आणि तीव्र दाह होतो. म्हणजे प्रत्येक लाल सिस्टमध्ये जंतुसंसर्ग असतोच असे नाही. पू साचला असेल तर चीर देऊन तो काढावा लागतो, पण अस्तर आतच राहिल्याने पिशवी पुन्हा भरू शकते. यामुळेच घरी पिळून काढलेली सिस्ट परत येते, शिवाय पिळण्यात ती आतल्या आत फुटण्याचा धोकाही असतो. दाह ओसरल्यावर काही आठवड्यांनी अस्तरासह संपूर्ण पिशवी काढणे हा खात्रीचा उपाय आहे. लाली झपाट्याने पसरत असेल, ताप असेल किंवा गाठ डोळ्याजवळ असेल तर मात्र थांबू नये.

ठणक्यामुळे सगळे लक्ष या गाठीकडे जाते, पण त्याच व्यक्तीची खांद्याजवळची गाठ दरम्यान वर्षभरात तीनाची सहा सेंटिमीटर झाली असेल, तर अधिक चौकशी तिचीच व्हायला हवी, मग ती अजिबात दुखत नसली तरीही. मऊ ऊतींचा कर्करोग बऱ्याचदा न दुखताच वाढतो. पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ, दिसण्याजोगी वाढ, घट्टपणा, खाली रुतलेली स्थिती, नव्याने सुरू झालेले दुखणे, आणि काढल्यावर त्याच जागी परत येणे, यांपैकी कोणताही बदल तपासणीस पुरेसे कारण आहे. खोलीचा अंदाज घेण्यासाठी खालचा स्नायू ताणायला सांगतात: मेदथरातली गाठ तशीच सरकती राहते किंवा अधिक उठून दिसते, तर स्नायूच्या आतली वा खालची गाठ पक्की बसते किंवा झाकली जाते. या परीक्षेची मर्यादा अशी की स्थूल शरीरात आणि मांडीसारख्या भरदार भागात ती सहज फसते.

पहिली तपासणी सहसा सोनोग्राफी असते. चित्र संशयास्पद असेल किंवा गाठ खोल असेल तर एमआरआय करतात आणि त्यानंतर, गरज असल्यास, सुईने तुकडा घेतात. हा क्रम मोडून मोठी गाठ साधी चरबीची समजून घाईने काढली आणि ती लायपोसारकोमा, म्हणजे मेदपेशींचा कर्करोग, निघाली, तर गाठीभोवती काढायची निरोगी ऊतीची कड अपुरी राहते आणि दुसरी शस्त्रक्रिया अधिक व्यापक करावी लागते. मात्र मोठ्या गाठींपैकीही पुष्कळ अखेरीस सौम्यच ठरतात, आणि जुन्या लायपोमाचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत विरळ आहे; लायपोसारकोमा बहुधा सुरुवातीपासूनच तसा असतो.

जांघेतली, खोकल्यावर फुगणारी गाठ हर्निया असू शकते, तर मानेतली किंवा काखेतली घट्ट गाठ लसिकाग्रंथी असू शकते. तेथे वरील दोन नावांचा विचार नंतर करावा. सिस्ट त्रास देत नसेल आणि लायपोमा लहान, मऊ व स्थिर असेल, तर दोन्ही तशाच ठेवता येतात.