आकृतीचा फोटो पाठवताना : कप्पी, उतरण आणि तरफेच्या प्रश्नांसाठी माहितीपत्रक

परीक्षेचे दिवस जवळ आले की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या छोट्या शंकानिरसन केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या यंत्रांचे फोटो येऊ लागतात. कोणी आयसीएसईच्या दहावीतले असते, कोणी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचे, तर कोणी आयटीआयचे. प्रश्न ठरलेला असतो : यांत्रिक फायदा काढा, कार्यक्षमता काढा. यांत्रिक फायदा म्हणजे भार भागिले लावलेले बल आणि कार्यक्षमता म्हणजे यांत्रिक फायदा भागिले वेग गुणोत्तर, हे तुम्हाला पाठ असतेच. अडते ते वेग गुणोत्तरापाशी, कारण ते बहुधा प्रश्नात लिहिलेले नसते, आकृतीवरून काढावे लागते. नेमकी ती आकृतीच फोटोत अर्धी असते.

‘फोटो परत पाठवा’ असे आम्ही म्हटले की काही पालक वैतागतात. ‘चार कप्प्या दिसतायत ना, मग अजून काय हवं?’ असे विचारतात. त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे म्हणून हे पत्रक.

नेहमी येणारा प्रश्न घेऊ. वरच्या ब्लॉकमध्ये दोन कप्प्या, खालच्या ब्लॉकमध्ये दोन कप्प्या, भार ४८० न्यूटन, बल १५० न्यूटन. यांत्रिक फायदा ३.२, इथपर्यंत वाद नाही. फोटो मात्र वरून आणि बाजूने कापलेला. मधल्या भागात दोरीचे पाच पदर दिसतात. पाहणारा पाच मोजतो आणि ३.२ भागिले ५, म्हणजे ६४ टक्के, असे लिहून मोकळा होतो.

आता हीच दोरी दोन प्रकारे ओवता येते. पहिल्या प्रकारात तिचे टोक वरच्या ब्लॉकच्या हुकाला बांधलेले असते. तिथून ती खालच्या कप्पीखालून, वरच्या कप्पीवरून, पुन्हा खालच्या दुसऱ्या कप्पीखालून आणि वरच्या दुसऱ्या कप्पीवरून जाते आणि शेवटी खाली ओढली जाते. दुसऱ्या प्रकारात टोक खालच्या ब्लॉकला बांधलेले असते, दोरी चारही कप्प्यांवरून फिरून खालच्या कप्पीतून बाहेर पडते आणि वर ओढली जाते. दोन्हींत कप्प्या चार आणि पदर पाचच. पण पहिल्या प्रकारात भाराला धरून ठेवणारे पदर चार असतात, दुसऱ्यात पाच.

पहिल्यातला पाचवा पदर वरच्या कप्पीवरून उतरून थेट ओढणाऱ्याच्या हातात येतो. त्याने बलाची दिशा बदलते, भार उचलायला तो हातभार लावत नाही. भार १ मीटर वर गेला की खालच्या ब्लॉकला धरणारा प्रत्येक पदर १ मीटरने आखडतो, म्हणून हाताला ४ मीटर दोरी ओढावी लागते. वेग गुणोत्तर ४ आणि कार्यक्षमता ३.२ भागिले ४, म्हणजे ८० टक्के.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरे, ६४ आणि ८०, आणि दोन्ही पटण्यासारखी. खरी मेख इथे आहे. पदर कमी मोजले तर चूक कधी कधी आपोआप उघडी पडते. यांत्रिक फायदा ४.२५ असताना पाचऐवजी चार पदर धरले की कार्यक्षमता १०० च्या वर जाते आणि विद्यार्थी थबकतो. पदर जास्त मोजले तर उत्तर १०० च्या आत, अगदी साळसूद दिसते आणि शंका येतच नाही. चुकणारे बहुतेक जण जास्तच मोजतात.

म्हणून आम्हाला फोटोत दोन गोष्टी हव्यात : दोरीचे बांधलेले टोक कुठे आहे आणि बलाचा बाण कोणत्या दिशेला आहे. मोजताना बोट खालच्या ब्लॉकवर ठेवा आणि जे पदर त्याला येऊन भिडतात तेवढेच मोजा. जो भिडत नाही तो कितीही जवळून जात असला तरी सोडून द्या.

प्रश्नाचा मजकूरही आकृतीसोबत पाठवा. वरच्याच उदाहरणात ‘खालच्या ब्लॉकचे वजन ४० न्यूटन’ अशी ओळ पुढच्या पानावर असू शकते. मग घर्षण नसते तर बल ४८० आणि ४० यांची बेरीज भागिले ४, म्हणजे १३० न्यूटन पुरले असते. प्रत्यक्षात १५० लागते, तर उरलेले २० न्यूटन घर्षणापोटी जातात. पेपरात हा उपप्रश्न आवडीने विचारतात, आणि ती एक ओळ नसेल तर तो सुटत नाही.

उतरणीच्या फोटोची तऱ्हा वेगळी. मोबाइल तिरका धरला की त्रिकोणही तिरका होतो, आणि काही जण त्या फोटोवर कोनमापक ठेवून कोन मोजतात. ते करू नका. आकृती प्रमाणात काढलेली असतेच असे नाही, लिहिलेले आकडेच खरे धरायचे. समजा, ५२० न्यूटनची कांद्याची गोणी फळीवरून ट्रकमध्ये सरकवायची आहे. फळी २.६ मीटर लांब, ट्रकची उंची १ मीटर, जमिनीवरचे अंतर २.४ मीटर आणि फळीला समांतर लावलेले बल २५० न्यूटन. यांत्रिक फायदा २.०८. वेग गुणोत्तर फळीच्या लांबीवरून काढायचे, म्हणजे २.६, आणि कार्यक्षमता ८० टक्के. कापलेल्या फोटोत नुसता २.४ दिसला तर उत्तर ८६.७ टक्के येते, आणि तेही खोटे वाटत नाही. बल आडवे लावले असेल तर मात्र २.४ च घ्यायचे, म्हणून इथेही बाणाची दिशा दिसायलाच हवी.

तरफेबद्दल थोडक्यात : दोन्ही भुजा टेकूपासून मोजा. १२० सेंटिमीटरच्या दांड्यात टेकू एका टोकाला, भार त्यापासून ३० वर आणि बल दुसऱ्या टोकाला असेल, तर बलाची भुजा १२० असते, ९० नव्हे. टेकूचा त्रिकोण फोटोतून कापू नका.

फोटोसाठी वही टेबलावर सपाट ठेवा, मोबाइल वरून सरळ धरा, स्वतःची सावली पडू देऊ नका आणि आकृतीभोवती बोटभर कागद दिसू द्या. बारीक आकडे असतील तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करते, मग ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात.

नीट फोटो आला की उत्तर त्याच संध्याकाळी मिळते. अपुऱ्या फोटोवर आम्ही अंदाजाने उत्तर देत नाही. पटकन आकडा सांगणारे नाशकात खूप आहेत, पण पेपर तपासणारा पायऱ्या बघतो. आमच्या उत्तरात मोजलेल्या पदरांवर खुणा केलेली तुमचीच आकृती परत येते. फोटो दुसऱ्यांदा मागितला तर वेगळे पैसे नाहीत, शुल्क प्रश्नाला आहे, फोटोला नाही.

शनिवारी दुपारी केंद्रावर टेबलाला अडकवलेला खरा दोन-दोन कप्प्यांचा संच असतो. दोरी दोन्ही प्रकारे ओवून, मोजपट्टी धरून स्वतः ओढून बघता येते. त्यासाठी नोंदणी लागत नाही. येताना अडलेला प्रश्न वहीसकट आणा.