सीसीआय आणि आरओसी: एकाच चार्टवर दोन मोमेंटम मापं

सीसीआय म्हणजे कमोडिटी चॅनल इंडेक्स, भावाच्या चालीचा जोर म्हणजे मोमेंटम मोजणारा, डोनाल्ड लँबर्टने 1980 मध्ये मांडलेला. नावात कमोडिटी असलं तरी शेअर, इंडेक्स, करन्सी सगळ्यांवर चालतो. आरओसी म्हणजे रेट ऑफ चेंज, हा फार साधा आहे, आजचा क्लोज 20 दिवसांपूर्वीच्या क्लोजपेक्षा किती टक्के वर किंवा खाली, बस. सीसीआयमध्ये हाय, लो आणि क्लोजची सरासरी घेतात, ती स्वतःच्या 20 दिवसांच्या सरासरीपासून किती लांब गेली ते बघतात आणि त्या अंतराला नेहमीच्या चढउताराने (सरासरी विचलन गुणिले 0.015) भागतात. 0.015 एवढ्यासाठी की बहुतेक वेळा आकडा +100 ते -100 च्या आतच राहावा.

दोन्ही मोमेंटमच दाखवतात मग दोन कशाला, असं वाटतं. पण भाव 100 वरून रोज 1 ने वर जातोय असं धरा, 20 दिवसांनी 120, आरओसी 20 टक्के. आता तोच भाव रोज फक्त 0.1 ने चढला तर आरओसी 2 टक्के. सीसीआय मात्र दोन्हीकडे बरोब्बर 126.67! कारण वेग दहापट झाला की विचलनही दहापट होतं आणि भागाकारात वेग कटतो. म्हणजे सीसीआय चाल किती सरळ आणि नेहमीपेक्षा किती वेगळी ते सांगतो, चाल किती मोठी हे फक्त आरओसीच सांगतो. मला तरी हा सगळ्यात महत्त्वाचा फरक वाटतो, कारण सीसीआय +100 च्या वर गेला म्हणजे मोठी तेजी आली असं समजून बरेच जण फसतात.

दुसरी गंमत एका उडीत दिसते. भाव बरेच दिवस 100 ला पडून आहे, एके दिवशी 110 होतो आणि तिथेच थांबतो. सीसीआय त्या दिवशी थेट 667 ला जातो, दुसऱ्या दिवशी 333, दहाव्या दिवशी 67, म्हणजे बातमी शिळी होत जाते तसा तो उतरतो. आरओसी 20 दिवस 10 टक्क्यांवर सपाट राहतो आणि 21 व्या दिवशी धाडकन शून्य, भाव मात्र जागचा हललेला नाही! तुलनेतला जुना 100 गेला आणि त्याजागी 110 आला एवढंच झालं. म्हणून आरओसी अचानक पडला की आधी चार्टवर 20 कँडल मागे जाऊन बघायचं, तिथे मोठी उडी असेल तर ही पडझड आजची नाहीच.

दोन्ही एकाच चार्टवर लावताना पिरियड सारखा ठेवा, नाहीतर तुलना कसली, आणि खाली वेगवेगळे पॅनल घ्या. एकाच स्केलवर टाकलं तर सीसीआयच्या शेकड्यांपुढे आरओसीची लाईन शून्याला चिकटलेली दिसते. आणि आरओसीला +100 सारखी ठरलेली रेघ नसते, त्याच चार्टवर मागची टोकं बघून ती आपणच मारायची.